जावक क्रमांक नसलेलं काम

केशवरावांना जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यातून बॉयलर फोरमन म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत लोक त्यांना तब्येत विचारत, पेन्शन विचारत. बॉयलरबद्दल एक माणूस काही विचारेल तर शपथ. तेवढ्यात गोपीचंद शेठनं तुमसर रोडवर उसना, म्हणजे धान वाफवून काढलेल्या, तांदळाची मिल टाकली आणि पेपरात जाहिरात दिली : बॉयलरसाठी अर्धवेळ सल्लागार पाहिजे, आठवड्यातून दोन दिवस.

केशवराव त्याच दिवशी तहसील कचेरीसमोरच्या घनश्याम टायपिस्टकडे गेले. घनश्यामकडे बायोडाट्याचा एकच साचा होता. शिपाई असो की उपवर मुलगी, सुरुवात वडिलांच्या नावानं, मग जन्मतारीख, मग उंची. त्यात केशवरावांनी आपली फाइल ओतली. सन सत्तेचाळीसला गोंदियाच्या लोको शेडमध्ये फायरमन, मग एकेक बढती, प्रत्येकीपुढे आदेश क्रमांक आणि दिनांक. क्वार्टरच्या बागेला मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीसही होतं. चार पानं झाली. शेवटी ‘आपला आज्ञाधारक’.

आठवड्यानं उत्तर आलं, तेही तोंडी. करडीच्या मिलमध्ये मशीन चालवणारा त्यांचा साळा परसराम ते घेऊन आला.

“शेठ म्हणे, कोयश्याच्या इंजिनावरचा बुढा हाय. आपल्याले धानाचा भुसा जाळाचा हाय, जुन्या सामानाचा अजबबंगला नाही खोलाचा.”

केशवराव हसले. तांदूळ विकणाऱ्या माणसाकडून त्यांची दुसरी अपेक्षा नव्हती. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“पण भाऊजी,” परसराम म्हणाला, “करडीचं काहून नाही लिवलं?”

करडीच्या मिलमध्ये मागच्या हंगामात केशवराव नुसते बसायला म्हणून गेले होते. तिथं कोळशासाठी केलेल्या सपाट जाळीवर भुसा टाकत. निम्मा न जळता काळाच बाहेर पडे, म्हणून वर लाकूड लागे. केशवरावांनी भट्टीत पायऱ्यांची उतरती जाळी बसवली, हवा दोन ठिकाणांहून दिली. लाकूड बंद झालं. बॉयलर इन्स्पेक्टरनं पाहून पासही केलं.

“त्याची ऑर्डर नव्हती,” केशवराव म्हणाले.

सदतीस वर्षांच्या नोकरीत ते एकच गोष्ट पक्की शिकले होते. ज्याला जावक क्रमांक नाही, ते घडलेलं नसतं.

त्यांच्या पत्नी विमलाबाई प्राथमिक शाळेत मास्तरीण. त्यांनी लाल पेन्सिल काढली.

“फायरमनपासून कायले? शेठले तुमची जयंती करायची हाय का? त्याले काय जमते ते पाहिजे, काय झालं होतं ते नाही.”

“अन् आदेश क्रमांक?”

“ते चुलीत घाला. पायऱ्यांची जाळी असंन तं जळतीन.”

चार पानांचं अर्धं पान झालं. वर नाव, खाली एक ओळ : धानाच्या भुशावर चालणाऱ्या बॉयलरचा सल्ला, आठवड्यातून दोन दिवस. मग करडीचं काम : पूर्वी रोज दोन बैलगाड्या लाकूड, आता शून्य, तपासणीत पास, मिलमालकाला विचारून खात्री करावी. मग कारखान्यातली शेवटची दहा वर्षं तीन ओळींत. बाग गेली. आज्ञाधारकही गेला.

घनश्यामनं मशीनवरून हात काढले. “जन्मतारीख नाही, बापाचं नाव नाही! काका, लोकं म्हणतीन, घनश्यामले टायपिंग येत नाही.”

“लोकांना आधीच माहीत आहे. टाइप कर.”

तिसऱ्या दिवशी गोपीचंद शेठचं बोलावणं आलं. केशवरावांनी पिशवीत जुनी चार पानं घातली होती. वेळ आलीच तर असावीत.

शेठनं अर्धं पान दोनदा वाचलं. “हे करडीचं तुम्हीच केलं? मंग पयल्या कागदात काहून नाही?”

केशवरावांनी पिशवी जवळ ओढली.

“वय नाही लिहिलं. किती?”

हात पिशवीत गेला. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेठच्या मागे उभ्या नव्याकोऱ्या निळ्या बॉयलरकडे गेलं. त्यांनी जवळ जाऊन पितळी पाटीवरचा रंग नखानं खरवडला. १९२१.

“साठ,” ते म्हणाले. “याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. हा तुम्ही नवा म्हणून घेतला?”

शेठचा चेहरा रंग उडालेल्या पाटीसारखा झाला. “रंगवून देल्ला जी त्यायनं,” तो हळू म्हणाला. “चालन का?”

“आधी पाण्याच्या दाबाची चाचणी. तोवर भट्टीत काडी लावायची नाही. मग जाळी.”

“मंगळवार-शुक्रवार येत जा. उद्या मंगळवारच हाय.”

केशवराव हलले नाहीत. इथवर सगळं विमलाबाईंच्या मनासारखं झालं होतं.

“लेखी ऑर्डर?”

“कायची ऑर्डर? म्या बोललो ना!”

“क्रमांकासहित पाहिजे.”

शेठनं कपाळाला हात लावला आणि कागद ओढला. मिल उघडून महिना झाला होता आणि तिथून अजून एकही पत्र गेलं नव्हतं. त्यामुळे केशवरावांना जावक क्रमांक एक मिळाला. घरी जाईपर्यंत त्यांनी तो कागद तीनदा काढून पाहिला, आणि चौथ्यांदा पाचव्या पानासारखा जुन्या चार पानांना टाचला.