हिरवा डबा

स्वरूप आठ महिन्यांचा. गाल सोललेल्या टोमॅटोसारखे लाल, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत रक्त येईपर्यंत खाजवलेलं. गुंजवण्यातल्या प्रत्येक बाईने एकच निदान केलं : डायपर. त्याची आई शिवानी; तिच्या सासूबाई, साळूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "लंगोट धुवायला कंटाळा. मंग पोराची कातडी जायचीच."

भोरच्या डॉक्टर मैथिलींनी पोराला उघडं करून पाहिलं. मांड्यांत थोडी लाली होती. "ही डायपरची. सुवास आणि लोशन नसलेला घे, ओला झाला की लगेच बदल. पण डायपर गालाला बांधत नाहीत ना? कोपरालाही नाही. मला दुधाचा संशय आहे. चार आठवडे ह्याला दुधाचं काही नको. अंगावर पाजतेस म्हणून तुलाही नको, मी कॅल्शियम लिहून देते. बाळाच्या खाण्याच्या डब्यामागे मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, म्हणजे दुधाचंच काही, दिसलं तर परत ठेवायचं."

बारावी झालेल्या शिवानीने तीन शब्द इंग्रजीत लिहून घेतले आणि दीनानाथांच्या मेडिकलमध्ये उभी राहिली. पहिल्या डब्यावर तांदळाच्या लोंब्या, मागे तांदळानंतर लगेच दुधाची भुकटी. दुसऱ्यावर 'नैसर्गिक', मागे साखर आणि व्हे. तिसऱ्यात नुसते तांदूळ-मूग, पण तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत : दुधाचे पदार्थ बनतात त्याच कारखान्यात तयार. चौथा, हिरवा, चालण्यासारखा निघाला. डायपरचंही तेच. कोरफडीचं चित्र असलेल्या पाकिटाच्या मागे लोशन आणि परफ्यूम. ज्याच्यावर चित्र नाही, तो साधा.

"वाचनालय न्हाई हे, बाई," दीनानाथ म्हणाले.

"तुमी वाचलं असतं तर मला वाचावं लागलं नसतं."

घरी खरी लढाई. दारात चार म्हशी, रोज डेअरीला दूध, आणि सून ताकाला शिवत नाही.

"म्हशीला लाज वाटंल असं बोलती ती डॉक्टरीण," साळूबाई म्हणाल्या. "दुदानं कुणाची कातडी गेली व्हय? हा माजा हनुमंता दुदावरच वाढला."

पण अडीच आठवड्यांत गाल निवळले. पोरगं रात्रभर झोपलं.

डबा संपत आला. नवरा, हनुमंत, टेम्पो घेऊन वेल्ह्याला गेला होता. शिवानीने त्याला डब्याचा फोटो पाठवला. पुढच्या बाजूचा. जिने मागची बाजू वाचून वाचून डोळे फोडले, तिने पुढचा फोटो पाठवला. तो हिरवा डबा घेऊन आला. शिवानी रानात होती. साळूबाईंनी मुंग्या लागू नयेत म्हणून सगळं स्टीलच्या डब्यात ओतलं आणि पुठ्ठ्याचा खोका नेहमीसारखा चुलीत घातला. शिवानीने घरी येऊन जुन्यासारखीच पांढरी भुकटी पाहिली आणि पोराला भरवली.

चौथ्या दिवशी गाल पुन्हा फुटले.

"बघा, डायपर," साळूबाई म्हणाल्या.

शिवानीने एसटी पकडली, हनुमंतने डबा घेतला त्याच वेल्ह्यातल्या दुकानात गेली. हिरव्या डब्यांचे दोन प्रकार शेजारी-शेजारी मांडलेले. कंपनी तीच, रंग तोच, लोंब्या त्याच. एकाच्या मागे दूध नाही, दुसऱ्याच्या मागे तांदळानंतर लगेच मिल्क सॉलिड्स. "कोणता दिलात?" तिने विचारलं. दुकानदाराने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "जास्त खपतो."

तिने तो डबा घरी आणला आणि बोट ठेवून वाचून दाखवला.

"बरं, आसंल लिवलेलं," हनुमंत म्हणाला. "पण दूधच ना? विष न्हाई ना?"

"त्याच्यासाठी विषच हाय, अहो. माझीच चूक झाली, फोटो पुढचा पाठवला."

"मंग झालं. चूक तुझी. उद्यापास्नं डायपर बंद. लंगोट बांध."

शिवानी उठली, स्टीलचा डबा म्हशीपुढच्या घमेल्यात पालथा केला. म्हशीने चाटून पुसून खाल्लं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, शिवानीने पोराच्या तोंडचं जनावराला घातलं.

त्या दिवसापासून तिने पेज स्वतः शिजवली, घरच्या तांदळाची. डायपर बंद होतेच. तीन आठवड्यांत गाल पुन्हा मऊ झाले.

साळूबाईंनी शेजारच्या फुलाबाईंना हाक मारली. "या, बघा. लंगोट बांदला आन् कसं उतरलं. डॉक्टरीण म्हणं दूध." मग साळूबाईच आत गेल्या, वाटीत कोमट दूध घेऊन आल्या. "आता द्यायला काय हरकत? म्या म्हणत व्हते, दुदात काय न्हाई."

"आत्या, दूध बंद केलं म्हणून उतरलं."

"डायपर बंद केला म्हणून उतरलं. सगळ्यांनी बगितलंय."

हनुमंत आईकडे बघत होता, वाटीकडे बघत होता, शिवानीकडे नाही. "दे गं दोन चमचे. बघू तरी."

"बघू" म्हणजे पोराच्या गालावर बघायचं. शिवानीने वाटी सासूच्या हातातून काढून घेतली, ओट्यावर ठेवली, स्वरूपला कडेवर घेतलं आणि आंबवड्याला, माहेरी गेली.

गुंजवण्यात आजही सांगतात, एका डायपरपायी सून नवरा सोडून गेली.