एकसष्ट

अन्नपूर्णाबाईंनी ते पत्र मोठ्या हौसेने लिहिले होते, हेच पुढे त्यांना जास्त डाचत राहिले.

भिलाईच्या कामगार कॅम्पातल्या प्राथमिक शाळेत त्या तिसरीच्या वर्गशिक्षिका होत्या. नवरा रेल्वेत गार्ड, घर दुर्गला, आणि रोज सकाळी प्लांटच्या बसने कॅम्पात यायचे, असा त्यांचा क्रम. तेव्हा कारखान्याचा विस्तार चालू होता. नव्या भट्टीचे बांधकाम उभे राहत होते, आणि भंडारा-गोंदियाकडची शेती सोडून आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांच्या लायनींत दाटीवाटीने राहत होती.

हेडमास्तर एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि त्यांनी फर्मान काढले: पहिली ते तिसरीच्या प्रगतिपत्रकात यापुढे गुण नाहीत. प्रत्येक वर्गशिक्षिकेने पालकांना तसे पत्र लिहून कळवावे.

बाकीच्यांनी चार ओळी खरडल्या. अन्नपूर्णाबाईंनी मात्र कागदावर कागद फाडले. शाळा हिंदीची, म्हणून पत्र हिंदीत. पण मनात मराठीत जुळवून घ्यायचे आणि मग उतरवायचे. परीक्षा होणारच आहेत, त्यांनी लिहिले, पण शंभरापैकी किती आणि वर्गात कितवा हे आता पत्रकावर येणार नाही. प्रत्येक विषयापुढे ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ किंवा ‘अजून प्रयत्न हवा’ यांपैकी एक शेरा असेल, आणि खाली मुलाविषयी दोन-चार वाक्ये: त्याला काय येते, कुठे अडते, घरी काय बघावे. अंकाने मुलाचे वजन कळते, मूल कळत नाही. वरच्या वर्गात जाण्यावर याचा परिणाम होणार नाही. काही समजले नाही तर निःसंकोच मला येऊन भेटा. सायक्लोस्टाइल करून आणलेले ते कागद वाटताना त्यांना मनातून अभिमान वाटला होता.

सहामाहीची पत्रके त्यांनी तशीच मन लावून भरली. शेवंताचेही. भट्टीच्या बांधकामावर क्रेनला ओझी बांधणाऱ्या केवलराम खलाशाची ही मुलगी, नऊ वर्षांची, बोलायची कमी पण वजाबाकी तोंडी करायची. तिच्या गणितापुढे त्यांनी ‘उत्तम’ लिहिले, भाषेपुढे ‘अजून प्रयत्न हवा’. खाली लिहिले, ‘हिशोबात हुशार. वर्गात डुलक्या घेते आणि कपडे मळके असतात. घरी झोप पुरी होते का, याकडे आईने लक्ष द्यावे.’ सगळे खरे होते. प्रत्येक शब्द मायेने लिहिलेला होता.

पत्रके वाटली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेवंता आली नाही. आठवडा गेला. मग एका सकाळी, पाळी संपवून, भट्टीच्या धुळीने तांबडा झालेला केवलराम वर्गाच्या दारात उभा राहिला. हातात पत्रकाची घडी होती.

“बाई, हे तुमीच लिवलं का?”

“हो. या ना, बसा.”

तो बसला नाही. “मागच्या साली पोरीले एकसष्ट आले होते. मले अक्षर वाचता येत नाही, पण अंक येते. गेटपासचा नंबर वाचतो, क्रेनवरचा टन वाचतो. एकसष्ट पाहून मले समजलं, पोरगी पास हाय. आता अंकच नाही. मी हिरालालले दाखवलं.”

हिरालाल टाइम ऑफिसात चपराशी होता. लायनीतल्या सगळ्यांचे कागद तोच वाचून द्यायचा.

“मग?” अन्नपूर्णाबाईंनी विचारले, पण त्यांना कळून चुकले होते.

“नळावर वाचलं त्यानं. मोठ्यानं. बायका पाणी भरून राहिल्या होत्या. कपडे मळके, म्हणे. आईचं लक्ष नाही, म्हणे. सारे हसले. माही बायको तिथंच हंडा घेऊन उभी होती.”

“मी असं नव्हतं लिहिलं. ‘लक्ष द्यावे’ असं लिहिलं होतं. आणि गणितात ती उत्तम आहे, तेही होतंच की!”

“ते बी वाचलं त्यानं,” केवलराम म्हणाला. “त्यावर कोणी हसलं नाही, म्हणून कोणाले आठवत नाही.”

रविवारी अन्नपूर्णाबाई नवऱ्याला न सांगता केवलरामच्या लायनीत गेल्या. गयाबाई, म्हणजे शेवंताची आई, दाराशी धुणे पिळत होती. दिवसा ती बांधकामावर रेजा म्हणून विटा वाहायची. रात्री ताप आलेले तान्हे भावंड कडेवर घेऊन शेवंता जागायची, कारण आईला सकाळी उभे राहायचे असायचे. हे बाईंना तेव्हा, त्या दारात, पहिल्यांदा कळले. शेवंता आतूनच बघत होती. कडेवरचे बाळ तिच्या केसांशी खेळत होते.

“गयाबाई, तिला पाठवा. मी चुकले असेन.”

“तुमी चुकल्या कुठं?” गयाबाईने धोतराचे टोक पिळले. “खरंच लिवलं तुमी. कपडे मळके हायेत. पोरगी झोपते. हे आमाले ठाऊक नव्हतं का? तुमाले सांगायचं होतं तं मले बोलवायचं होतं, एकटीले. साऱ्या लायनीले कावून सांगितलं?”

“मी लिहिलं होतं पत्रात, न समजल्यास येऊन भेटा म्हणून.”

“ते पत्र बी हिरालालनंच वाचलं होतं, बाई. त्याले वाटलं, शाळेची काही सूचना हाय, चुलीत टाका. टाकलं.”

केवलराम आतून येऊन उभा राहिला. अन्नपूर्णाबाईंनी घाईने पिशवीतून पेन काढले. “ते पत्रक द्या. मी गुण लिहून देते. तिच्या परीक्षेचे गुण आहेत माझ्याजवळ. गणितात ब्याऐंशी आहेत!”

ते ऐकून शेवंता एक पाऊल पुढे आली. बापाने मात्र हात मागे घेतला.

“तुमच्याजवळ होते? मग आमाले कावून नाही देले?”

बाईंनी पेनाचे टोपण परत लावले.

“आता मी येऊन भांडलो म्हणून देऊन राहिल्या,” केवलराम म्हणाला. “भीक नाही पाहिजे. पोरगी घरी राहीन. लेकरू सांभाळीन. माही बायको जे ऐकून आली, ते पोरीच्या कामानं बंद होईन. कपडे बी धुईन ती.”

“ब्याऐंशी,” शेवंता आतून म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. आईने तिच्याकडे पाहिले, आणि ती पुन्हा अंधारात गेली.

अन्नपूर्णाबाई हेडमास्तरांकडे गेल्या. नियम काढा, असे त्या म्हणाल्या नाहीत. निदान ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांना बोलावून, शेजारी बसवून पत्रक समजावून द्यावे, इतकेच मागितले. हेडमास्तर म्हणाले, “वेळ कुठे आहे, बहनजी? एकेका वर्गात साठ मुलं. आणि एका मुलीसाठी योजना थोडीच बदलते?”

पण एका फोरमनसाठी बदलली. त्यांच्या मुलाचा वर्गातला नंबर कळेना म्हणून ते दोघा-तिघांना घेऊन आले, खुर्च्या मागवल्या गेल्या, चहा आला. वार्षिक पत्रकात शेऱ्याशेजारी गुणांचा रकाना परत छापून आला. शाळा-निरीक्षक आले तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना सांगितले, की पालकांचा प्रतिसाद उत्साहाचा होता. अन्नपूर्णाबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना विचारले गेले नाही, आणि विचारले असते तरी त्या काय बोलल्या असत्या, याची त्यांनाच खात्री नव्हती.

रकाना परत आला त्या दिवशी त्या पुन्हा लायनीत गेल्या. केवलरामच्या खोलीत बिहारकडचे कोणी कुटुंब उतरले होते. शेजारणीने सांगितले, केवलरामचे काम संपले, कंत्राटदाराने गँग उचलली, गेले ते. कुठे? कोणी म्हणाले रसमड्याकडे, कोणी म्हणाले गावाकडे. मुलीचे काही कोणाला ठाऊक नव्हते.

शाळेच्या नियमाप्रमाणे इतक्या गैरहजेरीनंतर नाव कमी करावे लागते. अन्नपूर्णाबाईंनी ते केले. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ लिहिले, कारण तिथे एवढीच जागा होती.