आबांच्या मजकुराची पैज

ज्ञानूचे सत्तर अर्ज गेले, उत्तर एक न्हाई. पोरगा आयटीआय फिटर. दिवाळीत पंचवीस वर्सं पुरी झाली की ट्रेनी म्हणून कुणी दारात उभं करणार न्हाई.

त्याचा बाप आनंदराव, गल्लीचे आबा. शिरूरच्या तहसीलीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. गल्लीत म्हणायचा, रांजणगावच्या कंपन्या भायेरचीच पोरं घेत्यात. मी म्हणालो, आबा, खोट तुमच्या अर्जात हाय. झाली पैज. मी पाच अर्ज पाठवायचे. म्हैन्यात एक उत्तर आलं तर आबांनी बाजाराच्या दिवशी माझ्या सायकल दुकानाच्या बाकावर चढून आपला अर्ज मोठ्यानं वाचायचा. न्हाई आलं तर मी लुगडं नेसून तहसील झाडायची.

आबांचं जावक रजिष्टर आन् अर्जाची नक्कल मागून घेतली. कारेगावचा भिमाजी एका कंपनीच्या टाइम ऑफिसात हाय, त्याला ते तपासाया बसवलं. सत्तरातले चाळीस अर्ज तर केमिस्ट, अकौंटंट आन् कॉम्प्युटरवाल्याच्या जागंला. आबा म्हणायचे, मागाया काय जातंय. रविवारचा पेपर न्हाव्याच्या दुकानातनं गुरवारी घरी यायचा, पाकीट सोमवारी टपालात. तवर मुदत सरलेली. अर्ज तीन पानी, 'सेवेशी सविनय'पासनं सुरू, सोबत रेशनकार्डाची झेरॉक्स. फिटर हा शब्द तिसऱ्या पानावर.

भिमाजी म्हणाला, "साहेब वरच्या चार ओळी बघतो. ट्रेड, पास झाल्याचं साल, अनुभव. न्हाई दिसलं की रद्दीच्या गठ्ठ्यात."

मधलं पान वाचून मी पोट धरून हसलो, पण ज्ञानूला दावलं न्हाई. ज्ञानूनं ते कवा वाचलंच नव्हतं. आबा शेवटचं पान म्होरं करायचे, हा सही ठोकायचा.

नवा अर्ज एक पानी केला. फिटर, साल, पुण्यात पंपाच्या कारखान्यात वरीसभर अप्रेंटिस, काय काय जोडलं ते. पाचच जागा निवडल्या, पाची फिटरच्या. ज्ञानूनं पेपर रविवारीच इकत घेतला आन् सोमवारी गेटावर पाकिटं देऊन आवकचा शिक्का मारून घेतला. अकराव्या दिवशी दोन पत्रं आली. एक नकाराचं, एक बोलावणं. ट्रेड टेस्टला पोरानं कानस चालवून लोखंडाचा जॉब मापात बसवला. पंधरा दिवसांत कामाला लागला.

शनवारी बाजार गच्च. फस्ट शिफ्ट सुटल्यावर ज्ञानू कंपनीचा निळा शर्ट घालून बापाचा तमाशा बघाया आलेला, सगळ्यांत म्होरं, दात काढत. आबा बाकावर चढले. पहिलं पान झोकात वाचलं. दुसरं काढलं. ज्ञानूकडं बघितलं आन् कागद घडी करू लागले.

मी खालनं म्हणालो, "पुरं वाचा आबा. पैज हाय."

आबांनी कागद उघडला.

"सदर इसम बुद्धीनं मंद असून कोणत्याही कामाचा न्हाई. घरास निव्वळ भार झालेला हाय. तरी मायबाप सरकारनं दया करून त्यास कुठंही चिकटवून घ्यावं आन् आम्हांस मोकळं करावं."

बाजार खदाखदा हसला. ज्ञानू सोडून.