दुसरं कारंजं

दुपारी अडीचला शिलाईवाली परत आली, आणि सोनोग्राफीच्या ताई हातातलं काम टाकून उठल्या. सकाळी दहाला याच बाईला त्यांनी तपासलं होतं, धीर देऊन घरी पाठवलं होतं. सातवा महिना, उजव्या कुशीतून जांघेपर्यंत उतरणारी कळ, दोनदा उलटी. पडद्यावर उजवं मूत्रपिंड सुजलेलं दिसलं आणि ताईंनी लिहून टाकलं, गरोदरपणातली नेहमीची सूज. तसं लिहिण्यात वावगं काही नव्हतं म्हणा. वाढतं गर्भाशय उजव्या मूत्रनळीवर रेलतं आणि कितीतरी बायकांना तिथे अशी सूज येते. वीस वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं होतं की हात आता डोक्याला विचारतही नव्हता.

आता बाई स्ट्रेचरवर हुडहुडत होती. ताप एकशेतीन, पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला एकशेऐंशी. तिचा नवरा वायरमन. कामावरून तसाच धावत आलेला, कमरेला पक्कड अजून लटकत होती.

मुतखड्याच्या सर्जनना सगळे मोठे सर म्हणत. माणूस देवमाणूस, पण तोंडात साखर नाही. "ताई, मला एकच सांगा, नळी तुंबली आहे की नाही? लघवीत पू आहे. तुंबली असेल तर आत्ताच्या आत्ता वाट मोकळी करायला हवी, नाहीतर आई हातची जाईल आणि बाळही. तुंबली नसेल तर औषधांवर भागेल. मग उगाच भरल्या पोटाची बाई टेबलावर घेणार नाही मी."

"ते मोठ्या मशीनमधून काढतात तसलं काढा की, सीटी," वायरमन म्हणाला.

"बाळाला किरण नकोत. ते अगदीच काही उरलं नाही तर, शेवटी. एमआरआय चालतो, त्यात किरण नसतात. पण तिथे दोन तासांची रांग आहे, आणि बारीक खडा त्यातून निसटतो. तुमच्या बायकोकडे दोन तास आहेत असं मला वाटत नाही." सर ताईंकडे वळले. "सकाळी काय दिसलं?"

"सूज दिसली. खडा नाही दिसला," ताई म्हणाल्या. खरंच होतं ते. पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, काय ते त्यांनाही कळेना.

पोटावर लावायचं जेल संपलं होतं म्हणून त्या बाहेर आल्या. बाकावर शिलाईवालीची पोर बसली होती. सहा वर्षांची, जागच्या जागी गरगरणारी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज मात्र गप्प होती. हातात पाण्याची बाटली, बाटलीवर मार्करने ओढलेल्या रेघा, प्रत्येक रेघेपाशी तास लिहिलेला. त्या रेघा ताईंनीच ओढल्या होत्या, गेल्या वर्षी. तेव्हा ही पोर महिनाभर बेंबीपाशी दुखतंय म्हणत होती आणि घरातले म्हणत होते, शाळा बुडवायची नाटकं. कुशीत दुखतंय हे लहान मुलाला सांगता येत नाही, ते बेंबीकडेच बोट दाखवतं. लघवी लाल झाली तेव्हा कुठे तिला इथे आणली, आणि ताईंनी किरणांशिवाय, नुसत्या सोनोग्राफीत खडा पकडला. त्या दिवसापासून पोर त्यांची लाडकी.

"ताई, आईची कारंजी दिसली?"

ताई जागीच थबकल्या. गेल्या वर्षी रडणाऱ्या पोरीला गप्प करायला त्यांनीच पडदा दाखवला होता. मूत्रपिंडातून उतरलेली लघवी मूत्राशयात पिचकारीसारखी पडते, रंगीत पडद्यावर तिची लाल ठिणगी उडते. दोन कारंजी, एक डावीकडून, एक उजवीकडून. एक उडालं नाही की समजायचं, त्या बाजूची वाट अडली. पण त्यासाठी मूत्राशयात पाणी लागतं. आणि ताईंच्या खोलीच्या दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, "गरोदर बायकांनी तपासणीआधी लघवीला जाऊन यावे." बाळ बघायला ते सोयीचं, बाईलाही बरं. सकाळी शिलाईवाली गुणी बाईसारखी जाऊन आली होती. कारंजी ताईंनी बघितलीच नव्हती. घरात खड्याची पोर आहे हे ठाऊक असूनही नव्हती बघितली.

"नाही गं बघितली," त्या म्हणाल्या आणि धावल्या.

आत नर्स शिलाईवालीला उठवत होती. सलाईन चालू होतं, बाईला लघवी लागली होती. "थांबा, उठवू नका," ताई म्हणाल्या. "बाई, दहा मिनिटं कळ काढ. डाव्या कुशीवर वळ, म्हणजे पोटाचा भार उजव्या नळीवरून हटेल."

शिलाईवालीने दातावर दात ठेवले. ताईंनी सोनोग्राफीचा प्रोब ओटीपोटावर ठेवला. डावीकडून ठिणगी उडाली. उजवीकडे अंधार. डावीकडे पुन्हा, मग पुन्हा. मोठे सर खांद्यामागे उभे, त्यांचा श्वास ऐकू येत होता. आठ मिनिटांत डावं कारंजं दहा-बारा वेळा उडालं, उजवं एकदाही नाही. मग ताईंनी आतून बघायचा प्रोब घेतला, बाईला सांगून, विचारून. नळी मूत्राशयात उघडते तिथे, अगदी टोकाला, पांढरा ठिपका, मागे सावली. पडद्यावर रंग लावल्यावर ठिपक्यामागे चमचम झाली, खड्याचीच खूण.

"सात मिलिमीटर. नळी तुंबली आहे, सर."

"टेबलावर घ्या," सर म्हणाले.

वायरमनने त्यांची वाट अडवली. "पोरीचा खडा तुम्ही बाहेरून लाटा मारून फोडलात. हिचाही तसाच फोडा ना. चिरफाड कशाला?"

"पोटात बाळ असताना त्या लाटा मुळीच मारत नाहीत. चिरफाडही नाही. लघवीच्या वाटेने बारीक नळी वर सरकवायची, खड्याला वळसा घालून. नाहीच गेली तर पाठीतून घालू. आज खड्याला हात लावणार नाही. पू असताना त्याच्याशी खेळलं तर विष रक्तात भिनेल. खडा नंतर. ही नळी मात्र दर महिना-दीड महिन्याने बदलावी लागेल, गरोदरपणात तिच्यावर पटकन क्षार साचतात. करा सही."

त्याने सही केली.

ऑपरेशनच्या खोलीत बाळासाठी एक्स-रे लावला नाही. सरांचे डोळे खाली, दुर्बिणीत. वर मूत्रपिंडावर ताईंचा प्रोब. नळीआधी सारायची बारीक तार खड्यापाशी अडली. सरांनी मागे घेतली, पुन्हा सारली, पुन्हा अडली. बाळाचे ठोके एकशेनव्वद. ताईंच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, सकाळी बघितलं असतं तर ताप चढायच्या आधीच हे उरकलं असतं.

"वर काही दिसतंय?"

"नाही, सर."

तिसऱ्यांदा सरांनी तार जराशी फिरवली. सुजलेल्या मूत्रपिंडात एक चकाकती रेघ शिरली आणि वळली.

"आली," ताई म्हणाल्या. तारेवरून नळी चढली, आणि नळीतून पिवळट, दाट पू ठिबकायला लागला. सरांनी तो तपासायला बाटलीत धरला.

संध्याकाळी साडेपाचला ताप एकशेएकवर आला होता, बाळाचे ठोके एकशेपंचावन्नवर. बाळंतपणाच्या कळा वेळेआधीच सुरू होतात का यावर रात्रभर लक्ष ठेवायचं होतं. ताईंनी रिपोर्टाखाली लिहिलं, सकाळी मूत्राशय रिकामं होतं, लघवीचा प्रवाह तपासला नाही. दारावरची पाटी काढून टेबलावर उलटी ठेवली. मग बाकापाशी जाऊन वायरमनला तेच तोंडाने सांगितलं. "सकाळी मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"तुमच्यावर भरवसा होता म्हणून मी कामावर गेलो," एवढंच तो म्हणाला आणि बायकोकडे निघून गेला.

ताई बाकावर बसल्या. भिंगरी जवळ सरकली.

"दिसली कारंजी?"

"एकच दिसलं. दुसऱ्याची वाट आता मोकळी केली आहे."

पोरीने बाटली उचलून रेघ बघितली. पाचची रेघ तशीच राहिली होती. ती निम्मं पाणी प्यायली आणि बाटली ताईंच्या हातात दिली.

"उरलेलं तू पी," ती म्हणाली. "तुझीपण रेघ राहिली आहे."