घुबडाच्या पिल्लांवरचा दावा

विमा कंपनीच्या दावे विभागात मी दिवसभर लोकांची पत्रं वाचते. कुणाची गाडी ठोकलेली असते, कुणाचं छप्पर उडालेलं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलेलं. खरं कोण बोलतंय आणि पदरचं घालून कोण बोलतंय हे आपल्याला दुसऱ्या ओळीत कळतं, असा माझा समज होता. मग माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून माझे सासरे वर्षभर काय करत होते याचा मला पत्ता लागला नाही. म्हणजे समज गेला खड्ड्यात.

रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते. बाबांनी त्यांचा फोन माझ्यापुढे सरकवला.

"जरा बघतेस का? माझ्याकडून काहीतरी बिघडलंय वाटतं."

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. रस्ता विचारायचा नाही ही त्यांची जुनी खोड. त्यांनी विचारलं म्हणजे गाडी पुरती रुतलेली असणार, हे मी ओळखलं आणि हात पुसून फोन घेतला.

फोनवर माझ्या नवऱ्याचं व्हिडिओचं चॅनल उघडलेलं होतं. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका बंद पडलेल्या गिरणीच्या इमारतीत, छतावरच्या लिफ्टच्या खोलीत, त्याला घुबडाचं घरटं सापडलं. इमारतीच्या मालकाची परवानगी काढून त्याने तिथे कॅमेरा लावला आणि पिल्लं उडेपर्यंत जिना चढत राहिला, कारण त्या इमारतीतली लिफ्ट काही चालत नव्हती. लिफ्टवाला असून जिने चढतो म्हणून मित्र त्याला हसायचे, आणि घुबड्या म्हणायचे. पुढे त्याने इतरही पक्ष्यांचे व्हिडिओ केले, पण लोक यायचे ते पिल्लांच्या त्या व्हिडिओसाठी. त्यात त्याचा आवाज आहे. अगदी हळू, पिल्लं दचकू नयेत म्हणून. "थांब. घाई नको. आता बघ."

गेल्या वर्षी कामावर जाताना हा रस्त्यातच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लॅपटॉप लिफ्टच्या कंपनीचा होता, तो त्यांनी परत नेऊन कोरा केला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर तो दर वेळी पुसून पुन्हा वापरायचा. त्यामुळे मूळ चित्रण कुठेच उरलं नाही. चॅनलवर होतं तेवढंच. ते चॅनल मी पुन्हा कधी उघडलं नव्हतं. मला त्याचा आवाज सोसत नव्हता. बाबांना तो ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. एका घरात राहून आम्ही हे एकमेकांशी कधी बोललो नाही.

त्या व्हिडिओखाली आता लाल अक्षरांत लिहिलं होतं की तो कोणत्याच देशात दिसणार नाही. एका माहितीपट बनवणाऱ्या कंपनीने मधल्या काही सेकंदांवर मालकी सांगितली होती. पहिलं पिल्लू उडतं तेवढा भाग. माणसाने पाहून केलेला हा दावा नव्हता. कंपनीने स्वतःची फिल्म त्या संकेतस्थळाच्या यंत्रणेत नोंदवून ठेवली होती, यंत्रणेला दोन्हीकडे एकच पिल्लू उडताना दिसलं आणि तिने आमच्याकडचं चोरीचं ठरवलं.

"मी हरकत नोंदवली होती," बाबा म्हणाले. "त्यांनी फेटाळली."

"तुम्ही? मला न सांगता?"

"तुला कशाला त्रास."

मी ती हरकत उघडली. कारण निवडलं होतं, चित्रण माझं स्वतःचं आहे. खाली बाबांनी एका बोटाने टाइप केलेलं होतं. 'हा व्हिडिओ मी स्वतः काढला आहे. रोज जिने चढून काढला आहे. कृपया माझं मला परत द्या.' आणि सहीच्या जागी माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव.

मी नुसती त्या नावाकडे बघत राहिले.

"बाबा, ही त्याची सही आहे."

"खातं त्याचंच आहे ना, त्यानेच माझ्या फोनवर लावून दिलेलं. मग काय माझं नाव टाकायचं?"

मी खाली सरकत गेले. व्हिडिओखाली लोकांचे प्रश्न होते, आणि प्रत्येकाला उत्तर होतं. पिल्लं किती दिवसांनी उडतात, घुबड दिवसा काय करतं, तुम्ही नवीन व्हिडिओ का टाकत नाही. 'सध्या कामाची गडबड आहे, टाकतो लवकरच.' हे उत्तर गेल्याच महिन्यातलं होतं. माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि इथे त्याच्या कामाची गडबड चालू होती.

मी फोन टेबलावर ठेवला. जोरात ठेवला असणार, कारण बाबा दचकले.

"लोकांना तुम्ही सांगितलंच नाही?"

"कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "इथे सगळ्यांना माहीत आहे. गल्लीत, दुकानात. मला बघितलं की लोक आवाज खाली आणतात. तिथे कुणी आणत नाही. तिथे त्याला विचारतात, कसा आहेस."

मी चिडले होते आणि मला रडूही येत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी कामाला लागले. कामाचं मला समजतं.

"आता पुढची पायरी अपील," मी वाचून सांगितलं. "त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, आणि ते सगळं त्या कंपनीला कळवलं जातं. निकालही तीच कंपनी देते, संकेतस्थळ नाही. सात दिवसांत त्यांनी दावा सोडायचा, नाहीतर व्हिडिओ काढून टाकायची कायदेशीर मागणी करायची. ती मागणी गेली की चॅनलवर ठपका बसतो. असे तीन झाले की चॅनलच बंद."

"मग त्याचं नाव, आपला पत्ता देऊ."

"मेलेल्या माणसाच्या नावाने अपील करायचं? त्यांनी एक फोन केला तर कोण उचलणार?"

मी पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्यापुढे असा उच्चारला होता.

"आपण व्हिडिओ उतरवून घेऊ," मी जरा नरमाईने म्हणाले. "आपल्याला खात्यातून अजून दिसतोय. तुमच्या फोनवर ठेवते. रोज बघा."

"मी बघेन गं. पण त्याला कोण विचारणार तिथे?"

दावा लढायचा हे तेव्हाच ठरलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. आमचं पिल्लू त्यांच्या फिल्ममध्ये गेलं कसं? मी बाबांना सरळच विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्याच खात्याच्या मेलमधून एक पत्र काढून दिलं. कंपनीतल्या कुणीतरी फार अदबीने लिहिलं होतं, की तुमचं चित्रण सुंदर आहे, आमच्या फिल्ममध्ये वापरू का, नाव देऊ. खाली उत्तर होतं. 'जरूर वापरा. मला फार आनंद होईल.' सही माझ्या नवऱ्याची. तारीख तो गेल्यानंतर तीन महिन्यांची.

"टीव्हीवर त्याचं नाव येणार होतं," बाबा म्हणाले. "आलं पण. शेवटी, बारीक अक्षरांत. मी तीनदा मागे नेऊन बघितलं."

वापरायला दिलेली वस्तू त्या कंपनीने स्वतःच्या फिल्मसकट जशीच्या तशी नोंदवून टाकली होती. लबाडी नसेल, आळस असेल. पण त्यांची चूक दाखवायची तर हीच मेल पुढे करावी लागणार होती. आणि ही मेल दाखवली की तिची तारीखही दिसणार होती.

मी कागद घेतला. आमच्याकडे येणारी पत्रं कुठे फसतात ते मला पाठ आहे. माणसं आधी रागवतात, मग रडतात आणि मुद्दा शेवटी कधीतरी येतो. तोवर वाचणारीचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं. समोर माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असणार. तिला पहिल्या ओळींत सगळं मिळायला हवं.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," मी म्हणाले. "फक्त जे झालं तेच."

"तूच लिही की. तुझं रोजचं काम आहे."

"पहिली ओळ तुम्ही सांगायची. बाकीचं मी बघते."

बाबा उठले. गॅस बंद आहे का ते बघितलं. खिडकी उघडली, लावली. मी पेन धरून बसून राहिले. मला त्यांची दया येत होती, तरी मी मदत केली नाही. तेवढी एक गोष्ट त्यांच्यासाठी मला करता येणार नव्हती.

शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लिही. हा व्हिडिओ माझ्या मुलाने काढला. माझा मुलगा वारला."

मी लिहिलं.

पुढचं माझ्या शब्दांत. वरच्या ओळी माझ्या सासऱ्यांच्या आहेत. त्याची वारस म्हणून, पत्नी या नात्याने, मी अपील करत आहे. आमचा व्हिडिओ तुमच्या फिल्मच्या दोन वर्षं आधी प्रसिद्ध झाला, तारीख त्याच्यावरच आहे. तुमच्याकडे काही सेकंद आहेत, आमच्या व्हिडिओत त्याच्या आधीचं आणि नंतरचं अखंड चित्रण आहे. परवानगीची मेल माझ्या सासऱ्यांनी मुलाच्या नावाने पाठवली, तसं करायला नको होतं. पहिली हरकतही त्यांनीच त्याच्या नावाने केली. ती परवानगी मी आता माझ्या नावाने कायम करते, चित्रण खुशाल वापरा. पण वापरायची परवानगी म्हणजे मालकी नव्हे. दावा सोडा आणि हा भाग तुमच्या नोंदीतून वगळा, नाहीतर यंत्रणा उद्या पुन्हा आम्हालाच चोर ठरवेल.

अपिलाच्या चौकटीत मी ते उतरवलं, माझं नाव, पत्ता आणि फोन भरला. पाठवायचं बटण बाबांनी दाबलं.

तो आठवडा आम्ही दोघंही फोनपासून लांब राहिल्याचं नाटक करत काढला. ऑफिसात एका बाईच्या जळालेल्या दुकानाची फाइल आली, ती मी दोनदा वाचली. शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे होते. कंपनीने दावा सोडला होता. सोबत दोन ओळींची मेल होती, की नोंद दुरुस्त केली आहे, आणि तुमच्या मुलाबद्दल कळून वाईट वाटलं.

व्हिडिओ पुन्हा सगळ्यांना दिसू लागला. मला वाटलं बाबा लगेच लावतील. त्यांनी लावला नाही.

"मला माझ्या नावाचं खातं काढून दे," ते म्हणाले.

मी काढून दिलं. त्यांनी टेबलापाशी बसून, एका बोटाने, पिल्लांच्या व्हिडिओखाली लिहायला घेतलं. मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, निवला, तरी त्यांचं चाललेलंच. मग त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला.

'मी याचा बाप. माझा मुलगा गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून इथे मीच उत्तरं देत होतो. मला घुबडांतलं काही कळत नाही, पुस्तकात बघून लिहीत होतो. काही चुकलं असेल तर माफ करा.'

आम्ही समोरासमोर बसून गार चहा प्यालो. फोन वाजला. रोज प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिलं होतं. 'वाईट झालं. तुम्ही कसे आहात?'

बाबांनी ते वाचलं. बोट अक्षरांवर नेलं आणि तसंच धरून बसले. वर्षभर त्यांनी दुसऱ्याच्या वतीने याचं उत्तर झटक्यात दिलं होतं.

"काय लिहू गं?" त्यांनी मला विचारलं.

मी उठले, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हटलं, "आधी व्हिडिओ लावा. मलाही ऐकायचाय."