पाकिटाची मागची बाजू

सकिनाचाचीला राग आला की ती हातातली पिशवी घट्ट आवळून धरायची. त्या सोमवारी रत्नागिरीतल्या औषधाच्या दुकानात उभ्या उभ्या तिने पिशवी इतकी आवळली की आतल्या पावाचा पार चुरा झाला.

आणि राग येणार नाही तर काय. पावस गावाहून एसटीचे धक्के खात ती आली होती. साकिब, तिचा एकुलता एक मुलगा, दोहाला एसीच्या कामावर. चार दिवस त्याला ताप, नाक बंद, घशात काटे. शेजारचा हमीद शुक्रवारी दोहाला परत जाणार होता, त्याच्याबरोबर चार चांगल्या गोळ्या पाठवायच्या, एवढंच तिचं काम. आणि ही दीपाली, दुकानाची फार्मासिस्ट, कालपरवापर्यंत शाळेच्या निळ्या फ्रॉकात हिंडणारी पोर, गोळ्या द्यायला तयार नाही.

"चाची, आधी तो काय घेतोय ते कळू दे. मग देते."

"काय घेणार गो? सर्दीतापाचं घेतो. ते लागू पडत नाय म्हणून तर कडक मागत्ये."

"म्हणूनच विचारत्ये. पाकिटांचे फोटो मागवा."

फोटो. लग्न आहे की काय इथे. चाची तशीच बाहेर पडली आणि एसटीत बसून पावस येईपर्यंत दीपालीच्या सात पिढ्यांना आठवत राहिली. मनात, हां. रमजानचे दिवस, तोंडाने काही बोलायची सोय नव्हती.

पण सून झरीन शहाणी होती. बी. कॉम. झालेली, नवऱ्यापेक्षा दोन बुकं जास्तच. तिने संध्याकाळी साकिबला फोन लावला आणि साकिबच्या खोलीवरच्या उमेरला, नाटे गावच्या पोराला, कामाला लावलं. उमेरने नवा कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता आणि तेव्हापासून तो जेवणाच्या ताटापासून समोरच्या उंटापर्यंत जे दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. त्याला निमित्तच हवं होतं. फोटो झरीनच्या ईमेलवर आले. मंगळवारी सकाळी सासूसुना रत्नागिरीला गेल्या, दुकानाच्या माडीवरच्या सायबर कॅफेतून दोन रंगीत कागद छापून घेतले आणि खाली आल्या.

एका कागदावर फ्लूच्या गोळ्यांचं निळं खोकं. दुसऱ्यावर लाल झाकणाची बाटली, खोलीतल्या फिलिपिनो माणसाने दिलेली, तापाच्या गोळ्यांची.

"हे बघ," चाची म्हणाली. "एक सर्दीचं, एक तापाचं. झालं समाधान? आता दे."

दीपालीने कागद हातात घेतला तो खाली ठेवीचना. खोक्याकडे बघेना, बाटलीकडे बघेना, बाटलीच्या कागदाच्या कोपऱ्यात बघत बसली. तिथे उमेरने नको असताना टिपलेला एक काचेचा पेला होता, बशीत तीन खजूर होते, आणि पेल्याला टेकून एक फाडलेलं पिवळं पाकीट, त्यावर लिंबाचं चित्र.

"हे काय आहे चाची?"

"ते? ते सरबत आहे गो. गरम पाण्यात घालून रोजा सोडताना घेतो. घशाला बरं पडतं म्हणतो."

"सरबत?"

"लिंबाचं. गोड असतं. मीच सांगितलं त्याला, ते मात्र चुकवू नको." चाचीला थोडा अभिमानही होता. "आणि ऐक, एवढा ताप असून माझ्या साकिबने एक रोजा चुकवलेला नाय."

दीपाली कागद घेऊन काउंटरच्या बाहेरच आली. आजवर ती कधी गिऱ्हाइकासाठी बाहेर आलेली चाचीने पाहिली नव्हती. "झरीन, उमेरला फोन कर. तिन्ही पाकिटांची मागची बाजू हवी. पिवळ्याचीसुद्धा. बारीक अक्षर असतं तिथे, जवळून घ्यायला सांग आणि फ्लॅश बंद करायला सांग, नाहीतर चमकून काही दिसायचं नाही."

तासभर गेला. दीपालीने स्टूल दिलं, चाची बसली, पण रागात बसली. मनात म्हणत होती, दोन रुपयांच्या गोळीसाठी ही पोर मला दिवसभर बसवणार. शेवटी झरीन माडीवरून तीन कागद घेऊन उतरली. दीपालीने लाल पेन उघडलं आणि तिन्ही कागदांवर एकेका शब्दाखाली रेघ मारली.

"हे बघा चाची. फ्लूच्या गोळीत नाक मोकळं करायचं औषध आहे, खोकल्याचं आहे, आणि हे, पॅरासिटामॉल, तापाचं. एका गोळीत पाचशे मिलिग्रॅम. आता हे तुमचं सरबत. लिंबाचा वास आहे, साखर आहे, नाकाचं औषध आहे, आणि परत पॅरासिटामॉल. एका पुडीत एक हजार. बाटलीवर नाव वेगळं आहे, अ‍ॅसिटामिनोफेन, अमेरिकेकडे तसं म्हणतात. पण औषध तेच. पाचशे."

चाचीला इंग्रजी येत नव्हतं. पण तीन लाल रेघा तिला दिसल्या.

"म्हणजे तो एकच औषध तीनदा घेतोय?" झरीनने विचारलं.

"तीन खोकी, तीन रंग, तीन कामं लिहिलेली. कोणालाही वाटेल वेगळं आहे. आता मला सांग, किती आणि कधी."

झरीनने फोन लावला. साकिब आज कामावर गेला नव्हता, बिछान्यातच होता. तो सांगत गेला, झरीन मोठ्याने म्हणत गेली, दीपाली लिहीत गेली. रोजा सोडताना पिवळी पुडी एक आणि फ्लूच्या गोळ्या दोन. रात्री तरावीहच्या नमाजानंतर पुडी एक, तापाच्या गोळ्या दोन. पहाटे सहरीच्या जेवणाला पुन्हा पुडी, पुन्हा फ्लूच्या दोन, पुन्हा तापाच्या दोन. दिवसा तोंडात काही जायचं नाही, म्हणून दिवसभराचं सगळं रात्रीत बसवलेलं. चार रात्री झाल्या.

दीपालीने खाली बेरीज केली. सात हजार.

"सात ग्रॅम," ती म्हणाली. "मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही हद्द. तीही चार-चार तासांचं अंतर ठेवून. हा सात घेतोय, तेही दहा तासांत, उपाशीपोटी. झरीन, विचार त्याला, उलटी होते का?"

होत होती. कालपासून मळमळ, आज पहाटे सहरीचं सगळं बाहेर आलं. पण ताप उतरलाय, तो म्हणाला, उलट बरंच वाटतंय, मळमळ रोज्याची असेल.

दीपालीने फोन घेतला. तिचा आवाज चढला नाही. "साकिब, तिन्ही पाकिटं बंद. एकही गोळी नको, एकही पुडी नको. आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं, उद्या नाही. याचा त्रास लिव्हरला होतो आणि पहिले एकदोन दिवस माणसाला बरंच वाटतं. रक्त तपासतील. याच्यावर औषध आहे, सलाईनमधून देतात, पण लवकर गेलं तर उपयोग. मी वेळा सांगते, उमेरला लिहून घेऊ दे. पाकिटं आणि तो कागद डॉक्टरच्या हातात द्या."

पलीकडून साकिब काहीतरी बोलला. दीपाली थांबली, आणि फोन चाचीपुढे धरला. "म्हणतोय रोजा आहे, संध्याकाळी सोडल्यावर जातो. तुम्हीच सांगा."

सकिनाचाची उठून उभी राहिली. तासाभरापूर्वी ज्या गोष्टीचा तोरा मिरवला होता तीच आता तिला स्वतःच्या तोंडाने मोडायची होती. तिचाही रोजा होताच.

"साकिब," ती म्हणाली. "पाणी पी."

"अम्मी, रोजा..."

"आजाऱ्याला सूट आहे, ती अल्लाने दिल्ये, मी नाय. बुडालेल्या रोज्याची कजा मागाहून ठेवशील. जिता राहिलास तर ठेवशील ना रे बाबा? माझ्यासमोर पी. मला घोट ऐकू येऊ दे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. चाचीने फोन कानाला असा दाबला होता की कान लाल झाला. मग घोट ऐकू आला, तशी तिने मान हलवली, फोन झरीनकडे दिला आणि स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. सरबत चुकवू नको म्हणून रोज फोनवर बजावणारी तीच होती. तेच तेच म्हणत होती ती. दीपाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि गिऱ्हाइकं तशीच थांबली.

दुपारी उमेरचा फोन आला. रक्ताच्या तपासणीत लिव्हरचा आकडा चढलेला होता. रक्तात पॅरासिटामॉल मात्र फारसं दिसलं नाही. पण चार दिवस थोडं थोडं साठत गेलेलं असलं की त्या आकड्यावर विसंबता येत नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. त्याने कागदावरच्या वेळा वाचल्या आणि लगेच सलाईन लावलं. तो कागद नसता तर सलाईनला उशीर झाला असता, उमेर म्हणाला.

ते तीन दिवस चाचीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला. सातव्या दिवशी साकिब खोलीवर आला आणि त्याने पेज खाल्ली. हमीद शुक्रवारी गेला तो चाचीकडून फक्त तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी चाची शीरखुर्म्याचा डबा घेऊन दुकानात हजर. दीपालीने झाकण उघडून तिथेच चमचाभर खाल्लं.

"बायो," चाची म्हणाली, "त्या सोमवारी मी तुला एसटीभर शिव्या घातल्या."

"माहिती आहे चाची. तुमची पिशवी बघितली होती."

"तू तेव्हा हो म्हणून गोळ्या दिल्या असत्यास, तर मी चौथं पाकीट माझ्या हाताने पाठवलं असतं. तुझे उपकार मी कसे फेडू गो?"

"फेडू नका. मागची बाजू बघत जा, बस."

चाचीने ते तीन कागद टाकले नाहीत. कुराणशरीफ ठेवायच्या फळीखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवले. अधूनमधून काढायची आणि लाल रेघेवरची अक्षरं बोटाने गिरवायची. दोन शब्द. वाचता येत नव्हते, पण ओळखता यायला लागले, माणसं चेहऱ्याने ओळखतो तसे. पाच वेळच्या नमाजानंतर दुआ मागताना नवऱ्याच्या आत्म्यानंतर आणि साकिबच्या आधी ती आता दीपालीचं नाव घ्यायची.

डिसेंबरात साकिब रजेवर आला. वाळलेला, पण धड. हमीदही त्याच सुमारास आला आणि रिवाजाप्रमाणे वाडीभर सामान वाटून मोकळा झाला: कोणाला साबण, कोणाला अत्तर, कोणाला बाम. संध्याकाळी शेजारची गंगुबाई पडवीत टेकली. नाक वाहत होतं, अंग तापलं होतं.

"डागतराकडनं गोळ्या आणल्यात तापाच्या," गंगुबाई म्हणाली. "आणि हमीदने हे दिलंन. जरा गरम पाणी दे गो, इथेच घालून पिते." तिच्या हातात लिंबाचं चित्र असलेलं पिवळं पाकीट होतं.

चाचीने चुलीवर पाणी ठेवलं नाही. पाकीट घेतलं, उलटं केलं, दाराच्या उजेडात धरलं आणि बोट खालून वर नेत एका शब्दावर थांबवलं. "तुझ्या गोळ्या दाखव." गंगुबाईने कमरेची चंची सोडून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टीच्या मागच्या बाजूवरही बोट फिरलं आणि थांबलं.

"काय झालं? सरबत तर आहे गो," गंगुबाई वैतागून म्हणाली.

आत साकिब जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"सरबत नाय ते," सकिनाचाची म्हणाली. तिने पाकीट आणि पट्टी दोन्ही पिशवीत घातली आणि चपला पायात सरकवल्या. "चल, सहाची एसटी मिळेल. दीपालीला विचारून येऊ."