जत्रेचे पाचवे नाव

खेळाचे नाव तिसऱ्यांदा बदलले, तरी मुलांनी तेच केले. पडद्यावरच्या मुलीला त्यांनी पाळण्याकडे नेले नाही, फुगेवाल्याकडेही नेले नाही. बोटाने सरकवत तिला जत्रेच्या फाटकापाशी आणले, तिथे उभे केले आणि फोन परत दिला.

चाचणी घेणारी बाई ही गोष्ट बैठकीत सांगत होती तेव्हा खोलीत चौघेच होते. खोलीला एक मोठी काच होती, पण ती उघडणारी नव्हती. दार कार्ड लावल्याशिवाय हलत नसे, आणि कार्ड मालकाच्या गळ्यात होते. शुक्रवारी खेळ दुकानात चढवायचा होता. दुकान म्हणजे फोनमधले, जिथून खेळ उतरवून घेतात. नाव ठरेपर्यंत कोणी उठायचे नाही, असे मालकाने सकाळीच सांगितले होते.

"खेळ गावच्या जत्रेचा," मालक म्हणाला. "खेळणारी मुलं तीन ते पाच वर्षांची. एवढं साधं असून नाव सापडत नाही? शुक्रवारपर्यंत सापडलं नाही, तर मी हा खेळ बंद करतो. चित्रं अंक शिकवायच्या खेळात वापरू. पाळण्याचे डबे मोजा, फुगे मोजा."

चित्रकार बाईने मान वर केली नाही. जत्रेचा प्रत्येक तंबू, प्रत्येक लाकडी घोडा तिने दोन वर्षे बसून काढला होता. करारानुसार चित्रे कंपनीची होती. ती नोकरी सोडून गेली असती, तरी घोडे इथेच राहिले असते आणि त्यांच्या पोटावर एक, दोन, तीन लिहिले गेले असते.

"'भिरभिर जत्रा' कसं वाटतं?" नावे सुचवणारा म्हणाला. सगळे त्याला आत्याबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही. "आयकॉनखाली मावतं. लांब नाव ठेवलं तर फोन शेवट खाऊन टाकतो."

"आत्ताच्या 'गोल गोल पाळणा'लाही तू हेच म्हणाला होतास," चित्रकार बाई म्हणाली.

"ते मावलंच होतं. मुलांना आवडलं नाही, त्याला मी काय करू?"

"नावं ठेवणं सोपं असतं, आत्याबाई. नाव ठेवणं अवघड."

मालक हसला नाही. "पहिलं नाव चाललं होतं की नाही? 'मामाबरोबर जत्रा'. तेव्हा मुलं फोन सोडत नव्हती. नाव बदललं आणि पळाली. म्हणजे दोष नावाचाच. सरळ हिशोब आहे."

चाचणीवाली मूळची प्रयोगशाळेतली. सरळ हिशोब ऐकला की तिच्या कपाळावर आठी पडे. मुलांना वाचता येत नाही, म्हणून खेळ उघडताच एक आवाज त्याचे नाव उच्चारतो. मुलांपर्यंत नाव पोहोचते ते एवढेच. एवढ्याशा आवाजाने मुलांनी पडद्यावरच्या मुलीला पाळण्याऐवजी फाटकापाशी का न्यावे, हे तिला कळत नव्हते.

"नाव बदललं तेव्हा आणखी काही बदललं होतं का?" तिने विचारले.

"किरकोळ," मालक म्हणाला.

"किरकोळ म्हणजे काय?"

"चित्रातला मामा काढून टाकला," चित्रकार बाई म्हणाली. "मीच काढला. एका दुपारी."

तो का काढला, हे आत्याबाईने सांगितले. नाव पालकांच्या गटाला दाखवले होते. मामाच का, असा प्रश्न आला. मग आई घातली, तर बाबा का नाहीत असे विचारले गेले. बाबा घातले, तर ज्यांच्या घरी बाबा नाहीत त्यांनी काय करायचे, असे एकीने विचारले. शेवटी नावात मोठे माणूसच नको असे ठरले. मग दुकानात लावायच्या चित्रांत मामा दिसला तर हा कोण बाप्या, असे लोक विचारतील, म्हणून चित्रांतूनही त्याला काढले. तो संगणकावर स्वतंत्र थरावर, जणू चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर, काढलेला होता. सगळ्या दृश्यांतून थर लपवला, काम झाले.

"मग दोन गोष्टी एकदम बदलल्या," चाचणीवाली म्हणाली. "कुठल्या गोष्टीमुळे काय झालं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही नाही. उद्याचा दिवस द्या."

"उद्या गुरुवार आहे."

"इथे बसूनही उद्या गुरुवारच असेल."

मालकाने कार्ड लावून दार उघडले.

बालवाडीच्या मागच्या खोलीत छोट्या खुर्च्यांवर तिने मुलांना एकेक करून बसवले. पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. निम्म्या मुलांना जुनी चित्रे दिली, मामासकट, पण आवाज 'गोल गोल पाळणा' म्हणणारा. उरलेल्यांना नवी चित्रे दिली, मामाविना, आणि आवाज 'मामाबरोबर जत्रा' म्हणणारा. मामा असलेल्या जत्रेत मुले रमली. नाव कोणते ऐकले याची त्यांनी दखलही घेतली नाही. मामा नसलेल्या जत्रेतली मुलगी पुन्हा पुन्हा फाटकापाशी गेली.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने तर फोन परत देण्याआधी पडद्यावर तळहात ठेवला.

"पाळण्यात नाही बसवायचं तिला?" चाचणीवालीने विचारले.

"नाही."

"का गं?"

"ती इथंच थांबणार. आईनं सांगितलंय, हरवलं की फाटकापाशी थांबायचं. कुठं जायचं नाही. पाळण्यात बसली तर कशी सापडेल?"

"पण ती हरवली आहे, असं कुणी सांगितलं तुला?"

मुलीने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "मावशी, तिच्याबरोबर कुणीच नाहीये. तिनं हात बघ कसा धरलाय."

चाचणीवालीने पाहिले. मामा काढला, पण मुलीचा उजवा हात तसाच खांद्यापर्यंत वर राहिला होता. त्या हातात आता काही नव्हते.

दुपारी ते पुन्हा त्याच खोलीत, त्याच काचेमागे बसले. चाचणीवालीने सारे सांगितले. चित्रकार बाईने लॅपटॉप ओढला, थर पुन्हा दाखवला, आणि मामा मुलीचा हात धरून उभा राहिला.

"म्हणजे मामा परत," आत्याबाई म्हणाला. "म्हणजे कोणी तरी विचारणार, मामाच का. म्हणजे आपण पुन्हा पहिल्या पानावर." त्याने खुर्ची मागे ढकलली होती, ती पुन्हा पुढे घेतली.

"विचारू देत," चित्रकार बाई म्हणाली. "नाव तुम्हाला हवं ते ठेवा. हात मोकळा ठेवू नका."

मालकाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मामाला काढायचा निर्णय त्याचाच होता, आणि हे खोलीतल्या सर्वांना माहीत होते. "गुंतवणूकदारांना मी काय सांगू? नाव चुकलं म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"नाव चुकलं नव्हतं," चाचणीवाली म्हणाली.

"मग कारण लिहून द्या. नीट. तसं असेल तर चित्रं अंकांच्या खेळासाठी तोडायचं थांबवतो."

चाचणीवालीने फळ्यावरची नावांची यादी पुसली आणि लिहिले:

मुले खेळ सोडतात याचे कारण नाव नाही. नावात कोणते मोठे माणूस असावे यावर आपले एकमत झाले नाही, म्हणून आपण नावातून मामा काढला, आणि चित्र नावाशी जुळावे म्हणून चित्रातूनही काढला. या वयाच्या मुलांच्या दृष्टीने गर्दीत एकटी उभी असलेली लहान मुलगी जत्रेला आलेली नसते, ती हरवलेली असते. म्हणून मुले तिला सापडण्याच्या जागी नेऊन ठेवतात.